सेकंडहँड ट्रकचं कर्ज : पावसाळ्याचे हप्ते उसाच्या हंगामातच बाजूला काढायचे

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात राहतो. २०१८ ची दहाचाकी १५ लाखांना ठरलीय, मालक म्हणतोय जूनच्या आत व्यवहार उरका. फायनान्सवाला ११ लाख देतोय, ३६ महिने, दहा टक्के फ्लॅट, हप्ता ३९,७२२. माझ्याकडे ५ लाख आहेत. नोव्हेंबर ते मार्च कारखान्याला ऊस, डिझेल-ड्रायव्हर-टोल जाऊन महिना ८५ हजार सुटतील. एप्रिल-मेमध्ये मार्केटचं भाडं, ६५ हजार. जून ते ऑक्टोबर कसेबसे २० हजार. वर्षाची सरासरी काढली तर हप्ता जाऊन महिन्याला १५ हजार उरतात. घर शेतीवर चालतं. गाडी घेऊ का? हप्त्यासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

उत्तर : आत्ता, या भावात आणि ३६ महिन्यांच्या मुदतीत घेऊ नका. हीच किंवा अशीच गाडी दसऱ्याच्या आसपास १४ लाखांपर्यंत मिळाली, कर्ज ४८ महिन्यांचं झालं आणि सगळे खर्च जाऊन लाखभर रुपये हातात राहिले, तर घ्या. व्यावसायिक वाहनांच्या कर्जाच्या फायली मी बरीच वर्षं पाहतोय. गाडी वाईट निघाली म्हणून हप्ते थकलेले लोक त्यात कमी भेटले. गाडी चांगली, भाडंही चांगलं, पण पैसा ज्या महिन्यात येतो त्या महिन्यात त्याचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, अशाच फायली जास्त.

तुमचं गणित बरोबर आहे, पण सरासरीने फसवलंय. पाच महिने ८५ हजार म्हणजे सव्वाचार लाख, दोन महिने ६५ म्हणजे १ लाख ३०, आणि पाच महिने २० म्हणजे एक लाख. वर्षाचे ६ लाख ५५ हजार. हप्त्यांचे पावणेपाच लाख वजा केले की पावणेदोन लाखांच्या थोडं वर उरतात, तेच तुमचे महिना १५ हजार. आता यात काय धरलेलं नाही ते बघू. तुम्ही डिझेल, ड्रायव्हर आणि टोल वजा केलाय. विमा, टॅक्स, फिटनेस, परमिट आणि टायर कुठेच दिसत नाहीत. दहाचाकीचा विमा, टॅक्स आणि पासिंगचा खर्च मिळून वर्षाला ९० हजार धरा. टायर आणि किरकोळ काम यासाठी ७० हजार, तेही काही जोड्या रिमोल्डवर चालवल्या तर. उसाच्या फडात गाडी घालायची म्हणजे टायर आणि पाटे दोन्ही खातातच. हे झाले १ लाख ६० हजार. म्हणजे तुमच्या १५ हजारांपैकी महिन्याला हातात राहतात दीड हजार.

आणि हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. ऊस पाच महिने चालेल हे तुम्ही धरून चाललात. २०२४-२५ चा हंगाम आठवा. गाळपाला १५ नोव्हेंबरचा मुहूर्त मिळाला, ऊस कमी होता, आणि मार्चच्या मध्यापर्यंत राज्यातल्या बहुतेक कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं. त्या वर्षी पाच महिन्यांचा हिशेब धरून बसलेल्यांचा हंगाम तीन-साडेतीन महिन्यांत आटोपला. तुमचा फक्त मार्च गेला आणि गाडी उभी राहून २० हजारांवर आली, तर ६५ हजारांचा खड्डा पडतो. वर्षाची शिल्लक १८ हजार असताना तो भरायचा कुठून?

आता हेच वर्ष एक सलग हिशेब न धरता दोन तुकड्यांत बघा, म्हणजे बाजूला किती ठेवायचे याचा आकडा आपोआप निघतो. नोव्हेंबर ते मे हा भरायचा काळ. त्यात हप्ता जाऊन तुमच्याकडे साधारण २ लाख ७७ हजार जमू शकतात. जून ते ऑक्टोबर हा उपसायचा काळ. दर महिन्याला हप्त्यासाठी २० हजार कमी पडतात, पाच महिन्यांचे एक लाख. वर्षाचा १ लाख ६० हजारांचा खर्चही याच काळावर येऊन बसतो, कारण पासिंग, टायर, बॉडीचं काम हे सगळं गाडी उभी असताना, हंगामाच्या आधीच करायचं असतं. फेब्रुवारीत फिटनेस संपलं आणि गाडी चार दिवस आरटीओच्या दारात थांबली, तर ते चार दिवस उसाचे असतात. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी लागतं. २०१८ ची गाडी त्या रेषेवरच आहे, म्हणून कागद बघताना फिटनेसची तारीख आधी बघा.

थोडक्यात ३१ मेला तुमच्या खात्यात २ लाख ६० हजार पडलेले पाहिजेत, आणि भरायच्या काळात जमू शकतात जेमतेम २ लाख ७७ हजार. सात महिन्यांतला एकही रुपया दुसरीकडे गेला नाही तर. असा सौदा कागदावर बसतो, पण बहिणीचं लग्न, बोअरवेल किंवा एक गिअरबॉक्स आला की मोडतो.

म्हणून पहिली गोष्ट मुदत. ११ लाख त्याच दराने ४८ महिन्यांवर घेतले तर हप्ता ३२,०८३ होतो. एकूण व्याज १ लाख १० हजारांनी वाढतं, हे खरं आहे, आणि बरेच जण याच कारणाने छोटी मुदत घेतात. पण वर्षाला तुमच्यावरचा भार ९१ हजारांनी हलका होतो. पावसाळ्यातली तूट एक लाखावरून ६० हजारांवर येते. वर्षाअखेरची शिल्लक १८ हजारांवरून १ लाख १० हजारांवर जाते, म्हणजे एक मार्च गेला तरी गाडी तुमच्याच दारात राहते. ज्याचं उत्पन्न हंगामी आहे त्याने जास्तीचं व्याज हा विम्याचा हप्ता समजून भरावा असं माझं स्पष्ट मत आहे. हंगाम चांगला गेला तर मुदतीआधी काही रक्कम भरता येईल का आणि त्यावर किती शुल्क लागेल, हे मंजुरीच्या आधी विचारून ठेवा. जुन्या गाड्यांची कर्जं बहुधा स्थिर दराची असतात आणि त्यावर शुल्क लागतं.

दराबद्दलही एक सांगतो. दहा टक्के फ्लॅट म्हणजे दहा टक्के व्याज नव्हे. फ्लॅटमध्ये शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ११ लाखांवरच व्याज मोजतात, मुद्दल फिटत गेली तरी. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर तुमचा दर अठराच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याला मुख्य तथ्यांचं एक पत्रक द्यावं लागतं आणि त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक दर लिहावा लागतो. सहीच्या आधी ते पत्रक मागा आणि दोन फायनान्सवाल्यांची तुलना त्यातल्याच आकड्यावर करा. तोंडी सांगितलेला फ्लॅट दर आणि दुसऱ्याचा घटता दर यांची तुलना होत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. मालक जूनच्या आत घाई का करतोय हे तुम्हालाही कळतंय. त्यालाही पावसाळा काढायचा नाहीये. आत्ता घेतली तर ५ पैकी ४ लाख गाडीला जातील. उरलेल्या लाखात नाव चढवणं, आरसीवर कर्जाचा बोजा म्हणजे एचपी चढवणं, प्रोसेसिंग, नवा विमा आणि जुनी गाडी घेतल्यावर निघणारी कामं. हे सगळं होईपर्यंत गाडी वीसेक दिवस उभी राहील, आणि ५ जुलैला पहिला हप्ता. म्हणजे भरायच्या काळातला एकही महिना न मिळता तुम्ही थेट उपसायच्या काळात उतरणार, रिकाम्या हाताने. तीच गाडी ऑक्टोबरमध्ये घेतली, तर पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये येतो आणि पावसाळ्याआधी सात चांगले महिने मिळतात. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विकणारे अडलेले असतात. त्यांचे स्वतःचे हप्ते तुंबलेले असतात, त्यामुळे भाव उतरायला जागा असते. ही गाडी गेली तर जाऊ द्या. दहाचाकी बाजारात कायम असतात.

ऑक्टोबरचा हिशेब असा बसतो. गाडी १४ लाख, कर्ज ११, तुमचे ३. नावनोंदणी, विमा, टायर, काम यांना एक लाख. हातात राहिले एक. हा लाख डाउन पेमेंटमध्ये घालायचा मोह होईल, फायनान्सवालाही म्हणेल की जास्त भरा, हप्ता कमी होईल. एक लाख जास्त भरल्याने ४८ महिन्यांचा हप्ता २,९०० रुपयांनी कमी होतो. तोच लाख खात्यात राहिला तर हंगाम पंधरा दिवस उशिरा सुरू झाला, कारखान्याचं पहिलं बिल अडकलं, क्लच प्लेट गेली, यातलं काहीही झालं तरी तीन हप्ते निघतात. तो हातातच ठेवा. गाडीचं व्हॅल्युएशन सौद्यापेक्षा कमी निघालं तर कर्ज ११ ऐवजी १० होऊ शकतं, आणि मग हाच लाख पहिल्यांदा खाल्ला जातो. तसं झालं तर भाव पाडून घ्या, नाहीतर सौदा सोडा.

आता पैसे बाजूला काढायची पद्धत. महिन्याच्या शेवटी उरेल ते ठेवायचं असं ठरवलंत तर काही उरणार नाही. कारखान्याचं वाहतूक बिल पंधरवड्याला निघतं, म्हणून कापणीही पंधरवड्यालाच करायची. खर्च जाऊन एका बिलाचे साडेबेचाळीस हजार तुमचे. त्यातले १६ हजार हप्त्याचा अर्धा भाग म्हणून ज्या खात्यातून हप्ता कटतो त्या खात्यात. २२ हजार वेगळ्या खात्यात. उरलेले साडेचार हजार तुमचे, ते कशालाही वापरा. पाच महिन्यांत दहा बिलं, म्हणजे वेगळ्या खात्यात २ लाख २० हजार. पावसाळ्यातल्या तुटीचे ६० आणि वर्षाच्या खर्चाचे १ लाख ६० मिळून बरोबर एवढेच लागतात. एप्रिल-मेमध्ये हप्ता जाऊन जे ६५ हजारांच्या आसपास राहतात, ते लवकर पट्टा पडणाऱ्या वर्षासाठी. एखाद्या वर्षी लागले नाहीत तर पुढच्या वर्षात ओढा, खर्चून टाकू नका.

हे वेगळं खातं वेगळ्या बँकेत उघडा. त्याला फास्टॅग, डिझेलचं कार्ड, मोबाइलवरचं पेमेंट काहीच जोडू नका. जोडलंत तर ऑगस्टपर्यंत ते पैसे टोलनाक्यांवर गेलेले असतील आणि कुठे गेले हे सापडणारही नाही. लाखाच्या वरची रक्कम छोट्या छोट्या मुदत ठेवींत ठेवा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. हप्त्याची तारीखही विचार करून घ्या. पंधरवड्याचं बिल प्रत्यक्ष खात्यात कोणत्या तारखेला पडतं हे दोन जुन्या वाहतूकदारांना विचारा आणि हप्ता त्यानंतर चार-पाच दिवसांनी येईल असा मागा. मंजुरीच्या वेळी तारीख बदलून मिळते, नंतर अवघड जातं.

ते ८५ हजार प्रत्यक्ष हातात येणारे आहेत की बिलावरचे, हेही तपासा. तोडणीच्या टोळीसाठी कारखान्याकडून उचल घेतली असेल तर ती बिलातून कापली जाते, आणि टोळी पळाली तरी उचल तुमच्याच नावावर राहते. बिलातून जी डिपॉझिटची रक्कम राखून ठेवतात ती हंगाम संपल्यावर मिळते, पण कधी मिळेल यावर हप्ता अवलंबून ठेवू नका. ती आली की थेट वेगळ्या खात्यात टाका. वरच्या हिशेबात ती धरूच नका. बिल आणि हातातली रक्कम यात फरक असेल, तर माझे वरचे सगळे आकडे त्या प्रमाणात खाली आणा.

कर्ज देणाऱ्याला हंगामी हप्त्याबद्दल विचारायला हरकत नाही. काही जण हंगामात मोठा आणि पावसाळ्यात छोटा हप्ता बांधून देतात. पण हे मंजुरीच्या आधी बोलायचं. अडचणीत आल्यावर हप्ता बदलून घेतला तर ते कर्जाची पुनर्रचना म्हणून नोंदलं जातं, आणि पुढचं कर्ज घेताना ती नोंद समोर येते.

शेवटी, सगळं करूनही एखाद्या वर्षी हप्ता चुकलाच तर काय होतं ते तारखांनी सांगतो, कारण इथेच लोक गाडी घालवतात. समजा तुम्ही आत्ताच, ३६ महिन्यांवर गाडी घेतली. जुलैचा हप्ता गेला आणि ५ ऑगस्टचा चुकला. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँक आणि फायनान्स दोघंही शुल्क लावतात. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार उशिराचा दंड व्याजाच्या दरात मिळवता येत नाही आणि दंडावर व्याजही लावता येत नाही, एवढा दिलासा आहे. सप्टेंबर, ऑक्टोबरही चुकले. सर्वात जुन्या थकीत हप्त्याला ९० दिवस झाले की खातं एनपीए म्हणजे थकीत कर्ज ठरतं, तुमच्या बाबतीत ३ नोव्हेंबरला. नेमका हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, आणि कारखान्याचं पहिलं बिल अजून पंधरा-वीस दिवस लांब. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पूर्ववत होत नाही. ५ नोव्हेंबरचा धरून चार हप्ते, म्हणजे १ लाख ५९ हजार आणि वर शुल्क. गाडी ओढून न्यायची कारवाई बहुधा याच सुमारास होते, आणि उसाच्या पहिल्या खेपेला गाडी दारात नसते.

हेच थोडं वेगळं करता येतं. ऑगस्टचे २० आणि सप्टेंबरचे २० हजार मिळून तुमच्याकडे एक हप्ता होतो. दोन-तीन हप्ते जमेपर्यंत थांबू नका, सप्टेंबरअखेर ऑगस्टचा एक पूर्ण भरून टाका. मग सर्वात जुना थकीत हप्ता ५ सप्टेंबरचा होतो आणि त्याचे ९० दिवस ४ डिसेंबरला भरतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या कमाईतून नोव्हेंबरअखेर तोही भरला, की तोवर कारखान्याची बिलं सुरू झालेली असतात. सिबिलमध्ये उशिराची नोंद राहील, शुल्कही जाईल, पण खातं एनपीए होणार नाही. भरताना पावतीवर कोणत्या महिन्याचा हप्ता जमा झाला ते वाचून घ्या. रक्कम दंड आणि शुल्कात वळवली असेल तर हप्ता अर्धवट राहतो आणि दिवस मोजणं चालूच राहतं.

आणि हप्ता चुकणार हे जुलैत दिसत असेल तर जुलैतच शाखेत जा, कारखान्याचा वाहतूक करार आणि मागच्या हंगामाची बिलं बरोबर न्या. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा नियम आहे, तो त्याला सांगा, पण फोन उचला. फोन बंद ठेवलेल्या माणसाची फाईल आधी कारवाईला जाते आणि करार घेऊन समोर बसलेल्याला मुदत मिळते, हे मी शाखेत बसून पाहिलंय.